वही उघडून दाखवता येईल तेवढंच

मिरज, रविवार दुपार

प्रिय बाळ,

हॉस्पिटल प्रशासनातल्या जागेसाठी पाच ओळींत ओळख करून देणारा तुझा कागद परवा रात्री फोनवर आला. मी तो तीनदा वाचला. मग तुझं नाव झाकून पुन्हा वाचला, आणि ही बाई कोण ते मला ओळखता येईना. "रुग्णसेवेची मनापासून आवड असलेली, ध्येयवादी, उत्कृष्ट नेतृत्वगुण असलेली परिचारिका. ९ वर्षांचा समृद्ध अनुभव. डिस्चार्ज प्रक्रियेत आमूलाग्र सुधारणा करून रुग्णसमाधानात लक्षणीय वाढ." विश्रामबागच्या त्या दुकानात टाइप करून देणाऱ्या मुलाकडे हीच वाक्यं तयार असतात. तुझ्या आधी बँकेतला कुणी आला असेल त्यालाही त्यानं हीच दिली असतील, फक्त रुग्णाच्या जागी ग्राहक.

आणि खाली तू लिहिलंयस, "मॅडम, मी तर बेडसाइडलाच होते. मॅनेजमेंटचं माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही, म्हणून त्याच्याकडून लिहून घेतलं."

ते वाचून मी उठून गॅलरीत गेले. तुझ्यावर रागावले की माझ्यावर, हे मला अजून नीट कळलेलं नाही. नर्सिंग किती मोठं काम आहे वगैरे मी तुला सांगणार नाही. आपण दोघींनी नाइट केल्यात, त्यावर बोलायची गरज नाही. मला फक्त एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगेन, कंटाळलीस तरी चालेल: वही उघडून दाखवता येईल तेवढंच लिही. तेवढं मात्र सगळं लिही.

तुला हा हट्ट वाटेल. तो कुठून आला ते आधी सांगते. हे मी फार जणांना सांगितलेलं नाही.

२०१९ च्या महापुरानंतरची गोष्ट. मी तेव्हा सांगलीत नदीच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात २४ खाटांच्या वॉर्डाची इन्चार्ज होते. एका मोठ्या ठिकाणी नर्सिंग सुपरिंटेंडेंटची जागा निघाली, मी अर्ज केला. त्यात मी अभिमानानं लिहिलं होतं, "वॉर्डातील बेडसोअरचे प्रमाण ५० टक्क्यांनी कमी केले." खोटं नव्हतं. एप्रिल ते जूनमध्ये ४ रुग्णांना दाखल झाल्यानंतर बेडसोअर झाले होते, जुलै ते सप्टेंबरमध्ये २. चाराचे दोन झाले म्हणजे निम्मे झाले, असं मी धरलं.

मुलाखतीला एक वयस्क डॉक्टर होते. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "सिस्टर, ५० टक्के कशाचे?" मी ४ आणि २ सांगितलं. "पेशंट डेज किती होते दोन्ही तिमाहींत?" मला सांगता आलं नाही. मग ते म्हणाले, "ऑगस्टमध्ये तुमच्याकडे पाणी शिरलं होतं ना? वॉर्ड चालू होता का?"

वॉर्ड चालू नव्हता. पाणी ओसरून, चिखल काढून, वायरिंग बदलून तो पुन्हा सुरू व्हायला सव्वा महिना लागला होता. मी मुलाखतीहून परत आले, दुसऱ्या दिवशी रोज रात्री १२ ला वॉर्डात किती रुग्ण आहेत ते लिहिलेली सेन्ससची वही काढली आणि ते आकडे बेरीज करत बसले. पहिल्या तिमाहीत १,९४० रुग्णदिवस, दुसरीत ९८०. म्हणजे १,००० रुग्णदिवसांमागे दोन बेडसोअर आधीही होते आणि नंतरही दोनच. माझा वॉर्ड सुधारला नव्हता, रिकामा झाला होता.

खरं दुःख त्या जागेचं नाही. त्या वॉर्डात काम खरंच झालं होतं. दर दोन तासांनी कूस बदलायचा तक्ता मी प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी लावला होता, सुरुवातीला मुली कुरकुरल्या, नंतर मावशीही घड्याळ बघून हाक मारायला लागल्या. मी तेच लिहायला हवं होतं. बेडसोअर ही तीन महिन्यांत चार-दोनदा घडणारी गोष्ट. इतक्या थोड्या आकड्यांवरून कुणालाच काही सिद्ध करता येत नाही, एक जास्त झाला की सगळं उलटं दिसतं. पण कूस बदलल्याच्या नोंदी दिवसाला एका रुग्णामागे बारा. महिन्याचे तक्ते मोजून, इतक्यांपैकी इतक्या नोंदी वेळेवर भरल्या होत्या, एवढं लिहिलं असतं तर त्या डॉक्टरांपुढे मी तक्त्यांचा गठ्ठा ठेवू शकले असते. मी मोठं दिसणारं वाक्य निवडलं, आणि त्यामुळे खरं होतं तेही संशयात गेलं.

आपण सांगलीचे लोक पावसाळ्यात "पाणी खूप वाढलंय" असं म्हणत नाही. आयर्विन पुलावर किती फूट, हे विचारतो. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, आणि फूट कळला की कुणी सामान माडीवर न्यायचं ते घराघरात ठरतं. नदीबद्दल इतकं चोख बोलणारी माणसं स्वतःच्या कामाबद्दल "लक्षणीय वाढ" कसं लिहितात, मला कळत नाही.

आता तुझ्या त्या डिस्चार्जच्या ओळीकडे येते. त्या ओळीच्या मागे खरा ऐवज आहे आणि तो तू पुरून टाकला आहेस. परवा फोनवर तासभर मी तुला खोदून खोदून विचारलं, ते इथं क्रमानं मांडते. म्हणजे तुला दिसेल की बेडसाइडच्या कामाचं मॅनेजमेंटच्या भाषेत रूपांतर म्हणजे नेमकं काय करायचं असतं.

तुझ्या २८ खाटांच्या मेडिसिन वॉर्डात काय व्हायचं? सकाळी साडेदहाच्या राउंडला डॉक्टर म्हणायचे, "यांना आज सोडा." नातेवाईक लगेच पिशव्या भरायचे. आणि संध्याकाळी पाच वाजता जतची ती म्हातारी तशीच खाटेवर बसलेली, जेवणही घरी जाऊनच करणार म्हणून उपाशी. शिव्या तुला बसायच्या. तू कारणं शोधलीस. डिस्चार्जची समरी लिहिणारा निवासी डॉक्टर, आपला आरएमओ, ओपीडीत अडकलेला असतो. उरलेली औषधं फार्मसीला परत गेल्याशिवाय बिल बंद होत नाही, आणि ती परत पाठवायला कुणाला सवड नसते. नेब्युलायझेशन, शुगरच्या पट्ट्या यांच्या नोंदी दोन पाळ्यांपासून राहिलेल्या असतात, त्या शेवटी आठवून आठवून भरायच्या. एखादा रिपोर्ट लॅबमध्येच पडलेला असतो.

मग तू काय केलंस? संध्याकाळी सातला आरएमओला विचारायला सुरुवात केलीस, उद्या कोण कोण जाण्यासारखं आहे. त्या नावांची समरी अर्धी तयार करून घ्यायची, राहिलेले रिपोर्ट मागवायचे, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतचे डोस ठेवून बाकीची औषधं रात्रीच फार्मसीला परत करायची, आणि वापरलेल्या वस्तूंची नोंद पाळी संपताना त्याच पाळीच्या सिस्टरनं करायची. दुपारपर्यंतचे डोस ठेवायचे हे तू स्वतः ठरवलंस. एकदा एका आजोबांचं जाणं रद्द झालं आणि सकाळचं औषध वॉर्डात नव्हतं, ते तुझ्या लक्षात राहिलं होतं. हे तू मला अगदी जाता जाता सांगितलंस. प्रशासनात माणूस घ्यायचा तर मी नेमकी हीच गोष्ट बघेन, की पद्धत बदलताना त्यातून रुग्णाला काय धोका होईल हे हिला आधी दिसलं का.

आता वह्या. तुझ्या डिस्चार्ज रजिस्टरला डॉक्टरांच्या आदेशाची वेळ आणि रुग्ण वॉर्डाबाहेर गेल्याची वेळ आहे. बिलिंगच्या आवक रजिस्टरला फाइल तिथं पोचल्याची वेळ आहे. या तीन वेळा मिळाल्या की बाकी सगळं बेरीज-वजाबाकी. तू फेब्रुवारीचे पहिले दहा दिवस आणि एप्रिलचे पहिले दहा दिवस काढलेस, तेही रोखीचे आणि विम्याचे रुग्ण वेगळे करून. ते वेगळं करणं तुला सुचलं याचा मला फार आनंद झाला. ते एकत्र केले असते तर काहीच दिसलं नसतं.

रोखीचे फेब्रुवारीत २२, एप्रिलमध्ये २६. फेब्रुवारीची सरासरी तू ६ तास १६ मिनिटं काढलीस, एप्रिलची ३ तास ५० मिनिटं, आणि आनंदानं मला म्हणालीस की जवळजवळ अडीच तास वाचले. मी विचारलं, फेब्रुवारीत कुणी खूप वेळ थांबलं होतं का? एक रुग्ण १९ तास थांबला होता. मुलगा पैशांसाठी गावी गेला होता. त्याचा तुझ्या पद्धतीशी काही संबंध नाही, पण त्या एकानं सगळी सरासरी वर ढकलली. त्याला बाजूला ठेवलं की उरलेल्या २१ जणांची सरासरी ५ तास ४० मिनिटं. बाजूला ठेव, पण ठेवलंस हे सांग. गुपचूप काढलेला आकडा आणि गुपचूप घातलेला आकडा, दोन्ही मला सारखेच.

मग ५ तास ४० वरून ३ तास ५०. एक तास ५० मिनिटं वाचली. ती सगळी तुझी? तू म्हणालीस, हो. मी विचारलं, मार्चमध्ये हॉस्पिटलात आणखी काय बदललं? थोडा वेळ थांबून तू म्हणालीस, "बिलिंगला दुसरा काउंटर सुरू झाला."

बाळ, मुलाखतीत हा प्रश्न येतो. ज्याला काम कळतं तो हाच विचारतो. आणि त्याचं उत्तर तुझ्या हातात आहे, कारण बिलिंगच्या वहीत मधली वेळ आहे. आदेशापासून फाइल बिलिंगला पोचेपर्यंतचा तुकडा वॉर्डाचा. तो फेब्रुवारीत २ तास ३५ मिनिटं होता, एप्रिलमध्ये १ तास ५ मिनिटं. म्हणजे दीड तास तुझ्या वॉर्डानं वाचवला. उरलेली २० मिनिटं काउंटरची, ती काउंटरवाल्यांना दे. तुला वाटेल आकडा लहान झाला. पण आता तो तुझा आहे, कुणी काढून घेऊ शकत नाही. एक तास ५० मिनिटांवर तुला कुणीही अडवलं असतं, दीड तासावर कुणी अडवू शकत नाही. वही उघडून दाखवता येईल तेवढंच लिही, ते यासाठी.

विम्याच्या रुग्णांचं मात्र काहीच सुधारलं नाही, आणि ते तू मला सांगायला लाजलीस. ते लाजण्यासारखं नाही. फेब्रुवारीत ११, एप्रिलमध्ये १३, आणि आदेशापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ दोन्हीकडे सात तासांच्या आसपास. पण फाइल तर वॉर्डातून त्याही रुग्णांची लवकर जात होती. मग वाचलेला वेळ गेला कुठं? तू सांगितलंस, विम्याच्या टेबलावरचा मुलगा सगळ्या फाइली साठवून एकदम दुपारी एकनंतर अपलोड करतो. म्हणजे तुझी फाइल पावणेबाराला पोचली काय आणि एकला पोचली काय, ती एकपर्यंत तिथंच पडून राहते. विमा नियामकानं २०२४ च्या परिपत्रकात हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून ३ तासांत अंतिम मंजुरी द्यायला सांगितलं आहे. पण ते तीन तास सुरू होतात तेव्हा, जेव्हा हॉस्पिटल कागद पाठवतं. आपणच पाठवले नाहीत तर कंपनीला कसं विचारणार?

हे तुझ्या पाच ओळींत जाणार नाही. ते मुलाखतीसाठी राखून ठेव. "आमच्याकडे आल्यावर पहिल्यांदा काय कराल?" असं विचारलं की सांग, विम्याच्या टेबलावर फाइल आल्याची वेळ आणि अपलोडची वेळ दोन आठवडे लिहून घेईन. एवढंच. ज्या खुर्चीवर तू बसू पाहते आहेस तिथलं काम तू आधीच करते आहेस हे त्यांना त्यातून कळेल, तुला नेतृत्वगुण असा शब्द लिहावा लागणार नाही.

आणखी एक विचारतील: घाईनं सोडण्याच्या नादात कुणी औषध समजून न घेता गेलं का? त्याचं उत्तर फाइलमधल्या समुपदेशनाच्या कागदावरची सही. एप्रिलच्या त्या २६ फाइलींत ती आहे की नाही ते तू अजून पाहिलेलं नाहीस. पाहा. एखाद-दुसरीत नसेल तर तेही माहीत असू दे.

आता क्रियापदांकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त राग तिथं आला. तुझ्या कागदावर सगळीकडे "केले" आहे. आपल्या मराठीत केलं, करून घेतलं, करायला मदत केली, केलेलं सांभाळलं, ही चार वेगळी कामं आहेत आणि प्रशासनात या फरकावरच माणूस तोलला जातो. कॅथेटर घातला, हे केलं. आज कोणत्या खाटांना कोणती सिस्टर हे ठरवून पाळी चालवली, हे करून घेतलं. तू शेवटची तीन वर्षं शिफ्ट इन्चार्ज होतीस, म्हणजे तुझं अर्ध्याहून अधिक काम "करून घेतलं" यात येतं. आणि तेच तू लिहिलेलं नाहीस! उलट हॉस्पिटलच्या एनएबीएच मानांकनाच्या ओळीत तू लिहिलंस, "ऑडिट केले." ऑडिट क्वालिटी विभागानं केलं. तू हँडओव्हरच्या आणि औषधांतल्या चुकांच्या नोंदी तुझ्या वॉर्डापुरत्या नीट ठेवल्यास, कुणी चूक लपवली तर तिला जवळ बसवून लिहायला लावलंस. ते "नोंदी सांभाळल्या" आहे. माझ्या मते ते ऑडिटपेक्षा अवघड आहे, कारण ऑडिट करणाऱ्याला त्याच मुलींबरोबर रात्री काम करायचं नसतं. पण तो माझा विचार झाला. कागदावर "सांभाळल्या" एवढंच लिही. ड्युटीचा तक्ताही तू इन्चार्ज सिस्टर रजेवर असतानाच लावलास, तो पूर्ण वेळ लावल्यासारखं लिहू नकोस. लावलास त्या महिन्यांचे तक्ते तुझ्या सहीनं आहेत, तेवढे महिने सांगता येतात.

मला इथं थोडं थांबून एक सांगायचं आहे, पत्र लांबलं तरी. माझ्या बरोबरची एक जण याच मोठ्या शब्दांवर माझ्या पुढे गेली. तिनं लिहिलेल्या कामातली काही कामं माझ्या वॉर्डात, माझ्या मुलींनी केली होती. लोक मला म्हणाले, तुला मिरवता येत नाही, शब्दाला शब्द जोडायला तुझं काय जातं. मी ऐकलं नाही. त्या डॉक्टरांच्या टेबलापुढे बसल्यानंतर मला पुन्हा तसं बसायचं नव्हतं. पुढं तीन वर्षांनी मी सुपरिंटेंडेंट झालेच, दुसरीकडे, आणि त्या वेळी माझ्या अर्जात चारच ओळी होत्या आणि पिशवीत सहा वह्यांतून उतरवलेल्या बेरजा. उशीर झाला. तीन वर्षांचा पगार गेला, मुलाच्या शिक्षणाच्या ऐन वेळी. तरीही मी बरोबर होते असं मला वाटतं. कदाचित तुला हे सगळं सांगण्यामागं तेही असेल, की तुझ्या हातून ते बरोबर ठरावं, आणि तीन वर्षं न घालवता.

तर मी तुझ्या पाच ओळी अशा लिहिल्या आहेत. आधी मराठीतच लिही. इंग्रजीत आपण लगेच उसने शब्द घेतो. मराठीत खरं वाटलं की मग इंग्रजी कर, सोप्या इंग्रजीत.

"मेडिसिन विभागाच्या २८ खाटांच्या वॉर्डात ९ वर्षं परिचारिका, त्यांतली शेवटची ३ शिफ्ट इन्चार्ज, प्रत्येक पाळीत ४ ते ५ परिचारिका आणि ३ मदतनिसांचं काम वाटून दिलं आणि करून घेतलं. डिस्चार्जची तयारी आदल्या संध्याकाळी सुरू करण्याची पद्धत वॉर्डात घालून दिली. रोखीच्या रुग्णांत, १९ तास थांबलेला एक वगळून, डॉक्टरांच्या आदेशापासून फाइल बिलिंगला पोचेपर्यंतचा सरासरी वेळ २ तास ३५ मिनिटांवरून १ तास ५ मिनिटांवर आला (दहा-दहा दिवसांच्या नोंदी, २१ व २६ रुग्ण). एनएबीएचसाठी वॉर्डाच्या हँडओव्हर आणि औषध-चुकांच्या नोंदी सांभाळल्या. रुग्ण व नातेवाइकांना मराठी आणि कन्नडमध्ये संमतीपत्र आणि घरी घ्यायची काळजी समजावून देते. आता एकाहून अधिक वॉर्डांचं मनुष्यबळ आणि दाखल-डिस्चार्जची व्यवस्था सांभाळण्याची जबाबदारी हवी आहे."

वाच आणि तुझ्या जुन्या कागदाशी ताडून बघ. यात आवड, समर्पण, ध्येय यांतला एकही शब्द नाही. पहिल्या ओळीत वॉर्ड किती मोठा आणि तुझ्या हाताखाली किती माणसं ते कळतं, कारण दीडशे खाटांचं हॉस्पिटल चालवणारा माणूस आधी तेच मोजतो. दुसऱ्या ओळीत एकच सुधारणा आहे. तुझ्याकडे आणखी दोन आहेत हे मला माहीत आहे, पण त्यांच्या वह्या अपुऱ्या आहेत, म्हणून त्या बाहेर. शेवटच्या ओळीत तुला काय हवंय ते आहे. ते तू आधी लिहिलंच नव्हतंस, जणू जे देतील ते घेऊ.

कन्नडची ओळ तू घातली नव्हतीस, "त्यात काय विशेष" म्हणालीस. अगं, मिरजेच्या दवाखान्यांत अथणी, कागवाडकडची माणसं किती वर्षं येताहेत! त्यांना समजत नसलेल्या भाषेतल्या संमतीपत्रावर अंगठा घेतला तर तो अंगठा कागदावर उमटतो, संमती होत नाही. एनएबीएचही रुग्णाला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगायला सांगतं. जे हॉस्पिटल त्यासाठी कुणी दुभाष्या शोधत फिरतं, त्याला तू ही ओळ सांगत नाहीस? जे काम आपल्याला सोपं जातं ते आपण काम समजत नाही, ही आपल्या सगळ्यांची खोड.

आता करायचं काम. नोकरी सोडण्याआधी मेट्रनबाईंना भेट. काय उतरवून घ्यायचं आहे ते सांग आणि परवानगी घे. फक्त बेरजा उतरव. रुग्णाचं नाव, नंबर, फाइलचा फोटो, काहीही बाहेर यायला नको, स्वतःच्या फोनमध्येही नको. माझ्या बाबतीत नोकरी सोडल्यानंतर वह्या रेकॉर्ड रूमला गेल्या आणि मग कुणी दार उघडेना, बरोबरच होतं त्यांचं. नोटीसच्या महिन्यात सहसा कुणी नाही म्हणत नाही. सेन्ससची वही विसरू नकोस. तिच्यावाचून बाकीच्या आकड्यांना बूड नाही.

फेब्रुवारीतल्या त्या दहा दिवसांत वॉर्ड भरलेला होता का, एप्रिलमध्ये किती, तेही काढ. वॉर्ड अर्धा रिकामा असला की डिस्चार्ज आपोआप लवकर होतात, कारण हात मोकळे असतात. मला २०१९ मध्ये हेच सुचलं नव्हतं. दोन्ही वेळी खाटा सारख्याच भरलेल्या निघाल्या तर तुझा दीड तास पक्का. नाही निघाल्या तर मला फोन कर, आपण ओळ बदलू. रडत बसू नकोस.

पुढच्या रविवारी सकाळी ये, दहाच्या सुमाराला. भाकरी-पिठलं करते. येताना त्या २६ फाइलींत समुपदेशनाच्या किती सह्या होत्या तो आकडा आण, आणि बिलिंगचा दुसरा काउंटर मार्चच्या कोणत्या तारखेला सुरू झाला ते विचारून ठेव.

तुझी,
जुनी इन्चार्ज मॅडम